गाडी गेटवर, ड्रायव्हर गाडीत

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात, माणकोली, राहनाळ, पूर्णा या बाजूला पहाटे पाचला गेलात, तर बंद शटरांसमोर गाड्यांची रांग लागलेली दिसते. रात्रभर गाडी चालवून आलेले ड्रायव्हर केबिनमध्येच आडवे झालेले असतात, कारण गोदाम आठला उघडणार असतं. त्याच गोदामात दुपारी तीनला गेलात, तर दोन डॉक मोकळे आणि हमालांची टोळी पुढची गाडी कधी येते याची वाट बघत बसलेली. सकाळी गाड्यांना डॉक मिळत नाही आणि दुपारी डॉकला गाडी मिळत नाही. हा लेख या एका विसंगतीबद्दल आहे. गोदामाचे व्यवस्थापक, कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये काम करणारे आणि दहा-वीस गाड्यांचे मालक अशा तिघांसाठी तो लिहिला आहे.

ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, तो म्हणतो ड्रायव्हर मिळत नाहीत. ते खरंच आहे. नवी मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत, आणि ड्रायव्हर नाही म्हणून यार्डात उभी असलेली गाडी आता कुणाला नवीन राहिलेली नाही. पण हाताशी असलेल्या ड्रायव्हरचा दिवस कुठे जातो, हे फारसं कुणी तपासत नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, मुंबईची जकात गेली. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. रस्त्यावरचा वेळ त्यामुळे कमी झाला. गेटवरचा वेळ मात्र होता तिथेच राहिला. दहा गाड्यांच्या मालकाची प्रत्येक गाडी पाच दिवसांतला एक दिवस गेटवर घालवत असेल, तर त्याचे दोन ड्रायव्हर कायमचे सुट्टीवर गेल्यासारखंच आहे. जाहिरात देऊन आणखी दोन शोधण्याआधी हे दोन परत मिळवता येतात का, हे बघायला हवं.

ड्रायव्हर टिकत नाही त्याचंही एक कारण याच गेटवर आहे. बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरचा मूळ पगार थोडा आणि खरी कमाई खेपेवर, म्हणजे भत्त्यावर आणि वाचवलेल्या डिझेलवर असते. गाडी उभी राहिली की कमाई थांबते, पण जेवणाचा खर्च चालूच राहतो. अंघोळीची सोय नाही, संडास नाही, गाडी सोडून जाता येत नाही, आणि नंबर कधी लागेल हे सांगायला कुणी तयार नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, हे चांगलंच झालं. पण रांगेत इंजिन बंद करून बसलेल्या माणसाला त्या एसीचा काय उपयोग? ड्रायव्हरांमध्ये कुठलं गोदाम वाईट याची माहिती फोनवरून फिरत असते. तुमचं नाव त्यात आलं, की तिथला माल घ्यायला ड्रायव्हर नाही म्हणतात किंवा जास्त भाडं मागतात. ती वाढ भाड्यात मुरून जाते, त्यामुळे डिटेन्शन म्हणून वेगळी दिसतच नाही.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, एका गोदामात आवक मालासाठी तीन डॉक आहेत आणि रोज दहा गाड्या खाली होतात. बहुतेक 32 फुटी कंटेनर, आत सुटी खोकी. टोळीला एक गाडी खाली करायला सरासरी दोन तास लागतात. काम आठला सुरू होतं आणि एक ते दीड जेवणाची सुट्टी. दहापैकी आठ गाड्या पहाटे पाचपर्यंत येऊन उभ्या असतात, उरलेल्या दोन दुपारी बाराला येतात.

आठला तीन गाड्या लागतात, दहाला पुढच्या तीन. बाराला सकाळच्या उरलेल्या दोन आणि दुपारी आलेल्यांपैकी एक. मध्ये जेवण असल्यामुळे त्या अडीचला सुटतात, आणि शेवटची गाडी अडीचला लागून साडेचारला रिकामी होते. आठ वाजल्यापासूनची वाट मोजली, तर दहाला लागलेल्या तीन गाड्यांचे सहा तास, बाराला लागलेल्या सकाळच्या दोघींचे आठ तास आणि शेवटचीचे अडीच. मिळून साडेसोळा. पहाटे पाच ते आठ हे आठ गाड्यांचे 24 तास त्यात मिळवले, की साडेचाळीस गाडी-तास झाले. डॉकवरचं प्रत्यक्ष काम मात्र सगळं मिळून वीस तासांचं होतं. म्हणजे काम करायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ गाड्यांनी वाट बघण्यात घातला. आणि अडीचनंतर तीनपैकी दोन डॉक मोकळे होते.

या गोदामाच्या मालकाला कुणीही हेच सांगेल की आणखी एक डॉक पाड, आणखी एक टोळी लाव. तसं करायची गरज नाही. त्याच्याकडे क्षमता आहे, फक्त सगळ्या गाड्या एकाच वेळी येतात. त्या तशा येतात, कारण प्रत्येक पुरवठादाराला ‘माल सकाळी पाठवा’ एवढंच सांगितलेलं असतं आणि आधी येईल त्याचा नंबर आधी. रांगेत पुढचा नंबर मिळवण्याचा एकच मार्ग ड्रायव्हरला मोकळा ठेवला आहे, तो म्हणजे आणखी लवकर येणं. तो तेच करतो.

अपॉइंटमेंट म्हणजे एवढंच की लवकर येण्याचा हा फायदा काढून घ्यायचा. प्रत्येक गाडीला डॉक आणि वेळ आदल्या दिवशी ठरवून द्यायची, आणि त्या वेळेला तो डॉक त्याच गाडीचा. आपल्या उदाहरणात स्लॉट अडीच-अडीच तासांचे करू. आठ ते साडेदहा, साडेदहा ते एक, दीड ते चार आणि चार ते साडेसहा. तीन डॉक, चार ओळी, बारा स्लॉट. त्यातले दहा द्यायचे. दोन मोकळे ठेवायचे, एक दीडच्या ओळीत आणि एक चारच्या. गाडीने अर्धा तास आधी हजर व्हायचं असं धरलं, तर दहा गाड्यांची वाट पाच गाडी-तासांवर येते. गाड्या, टोळी, डॉक यांत काहीही बदललेलं नाही. किंमत आहे ती एकच. पूर्वी गोदामाचं आवकीचं काम साडेचारला आटपत होतं, आता ते साडेसहाला आटपेल. ही किंमत आधी मान्य करा. नाहीतर आठवडाभरात कुणीतरी चारच्या गाडीला ‘दुपारीच या’ असा फोन करतो आणि घडी विस्कटते.

दोन तासांच्या कामाला अडीच तासांचा स्लॉट का, असं विचारलं जातं. सरासरी ही फसवी गोष्ट आहे. सरासरी दोन तास लागतात याचा अर्थ निम्म्याच्या आसपास गाड्यांना दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागतो. स्लॉट बरोबर दोन तासांचा ठेवला, तर त्यातली प्रत्येक गाडी मागच्या गाडीला ढकलत जाते आणि संध्याकाळपर्यंत उशीर साठत जातो. आपल्या रजिस्टरमधून मागच्या महिन्याभराच्या गाड्या काढा आणि दहापैकी आठ गाड्या किती वेळात मोकळ्या झाल्या ते बघा. तो तुमचा स्लॉट. आणि सगळ्या मालाला एकच स्लॉट नको. पॅलेटवर आलेला माल हँडपॅलेटने किंवा फोर्कलिफ्टने बऱ्याचदा तासाभरात उतरतो. सुटी खोकी, त्यात वीस-पंचवीस प्रकारचा मिसळलेला माल, प्रत्येकाचा बॅच नंबर तपासायचा, असं असेल तर तीन तासही कमी पडतात. तीन प्रकार करा, तीन लांबीचे स्लॉट ठेवा. त्याहून जास्त भानगड करू नका.

पण हे सगळं करण्याआधी दोन आठवडे नुसतं मोजायला हवं. आणि इथेच सगळ्यात मोठी गडबड असते. बहुतेक गोदामांच्या गेट रजिस्टरमध्ये गाडी आत आल्याची वेळ लिहिलेली असते. गाडी बाहेर रस्त्यावर पाच तास उभी होती, ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग मॅनेजर वरिष्ठांना दाखवतो की आमच्याकडे गाडी सरासरी तीन तासांत बाहेर पडते. तो खोटं बोलत नसतो, त्याचं रजिस्टरच तसं आहे. पाच वेळा लिहायला हव्यात: गाडी गेटवर हजर झाली ती वेळ, आत घेतली ती, डॉकवर काम सुरू झालं ती, माल उतरून झाला ती आणि सही-शिक्क्याची पोच ड्रायव्हरच्या हातात पडली ती. पहिली वेळ वॉचमनच्या मर्जीवर सोडू नका. ड्रायव्हरने गेटच्या पाटीसमोर गाडीचा फोटो काढून ठरलेल्या नंबरवर पाठवायचा, त्या मेसेजची वेळ हीच हजेरी. गाडीला जीपीएस असेल तर ट्रान्सपोर्टवाल्याकडून आठवड्यातून एकदा चार गाड्यांच्या नोंदी मागवून ताडून बघा. रजिस्टर आणि जीपीएस यांत रोज तासाभराचा फरक येत असेल, तर गेटवर काय चाललं आहे ते तुम्हाला कळेल.

पाचवी वेळही तितकीच महत्त्वाची. गाडी बाराला रिकामी झाली आणि पोच दोनला मिळाली, असं सर्रास होतं. दोन खोकी फुटलेली, त्याचा शेरा कुणी मारायचा यावरून वाद, संगणकावर आवक नोंदवणारा माणूस जेवायला गेलेला, शिक्का ज्याच्या खणात आहे तो दुसऱ्या इमारतीत. गाडी डॉकवरून हटली तरी ड्रायव्हर सुटत नाही, कारण पोच नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याचं भाडं अडकतं. अनेक गोदामांत पहिली सोपी बचत इथेच सापडते. मोजणी डॉकवरच, माल उतरत असतानाच करा, आणि फुटतुटीचा शेरा मारण्याचा अधिकार डॉकवरच्या सुपरवायझरला द्या.

मोजमाप हातात आलं की स्लॉट वाटायला घ्या. आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत पुरवठादाराने किंवा ट्रान्सपोर्टवाल्याने बिल नंबर, खोक्यांची संख्या, माल सुटा की पॅलेटवर आणि गाडी किती फुटी हे कळवायचं. सहापर्यंत त्याला उत्तर गेलं पाहिजे. गाडी नंबरसाठी मात्र अडून बसू नका. आपल्याकडे बाजारातून गाडी लागते ती कित्येकदा रात्री नऊला, त्यामुळे चार वाजता खरा गाडी नंबर कुणाकडेच नसतो आणि लोक काहीतरी नंबर ठोकून देतात. स्लॉट बिलाच्या नावावर द्या, गाडी नंबर निघताना कळवू दे. दिवसाला पंधरा-वीस गाड्यांपर्यंत एक सामायिक शीट आणि व्हॉट्सअॅप एवढ्यावर हे नीट चालतं. सॉफ्टवेअरची खरी गरज त्यापुढे, किंवा दोन-तीन गोदामं एकत्र सांभाळायची असतील तर. ड्रायव्हरला जाणारा मेसेज मात्र त्याला कळेल असा हवा, त्यामुळे परराज्यातला ड्रायव्हर असेल तर हाच मजकूर हिंदीत:

‘स्लॉट: 12 तारीख, दुपारी 1:30, डॉक 2. गेटवर 1:00 ते 2:00 या वेळेत हजर व्हावे. त्याआधी आल्यास रस्त्यावर गाडी लावू नये. सुपरवायझरचा नंबर सोबत आहे.’

कुणाला कुठला स्लॉट द्यायचा यात थोडं डोकं लावावं लागतं. अहमदाबाद, इंदूर, नागपूरकडून येणारी लांबची गाडी रात्रीच धावणार आणि पहाटेच पोचणार. आठचे स्लॉट तिला. तळोजा, अंबरनाथ, वसईची गाडी जवळची, तिला सकाळच्या रांगेत यायचं काहीच कारण नाही. तिला दीड किंवा चार. त्यातही ठाण्याच्या हद्दीतून जड वाहनांना दिवसा ठराविक वेळीच सोडतात, त्या वेळांत न बसणारा स्लॉट कागदावर कितीही छान दिसला तरी निरुपयोगी. वाहतूक पोलिसांच्या सूचना बदलत असतात, तेव्हा सध्याची वेळ काय ते ट्रान्सपोर्टवाल्याला विचारून मगच तक्ता लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्लॉटची वेळ माल भरण्याच्या ठिकाणी पोचली पाहिजे. चाकणहून भिवंडीला गाडी पाच-सहा तासांत येते. तिला दीडचा स्लॉट असेल, तर ती सकाळी सातला निघाली तरी पुरे. पण चाकणचा डिस्पॅचवाला आपल्या सवयीने तिला रात्री दहालाच बाहेर काढत असेल, तर वाट बघणं संपलं नाही, ते फक्त तुमच्या गेटवरून ढाब्यावर गेलं. गोदामाचे आकडे सुधारतात आणि ड्रायव्हरचा दिवस होता तसाच राहतो. भरणाऱ्याने गाडी सुटण्याची वेळ उतरवण्याच्या स्लॉटवरून उलटी मोजून ठरवायची, हे दोन्ही बाजूंनी लेखी मान्य करून घ्या.

इथे ई-वे बिलाचाही संबंध येतो. साध्या मालवाहतुकीसाठी 200 किलोमीटरपर्यंत ते एक दिवस चालतं, म्हणजे बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी निघालेली जवळची गाडी शनिवारी खाली झाली नाही, तर रविवारी ती मुदत संपलेल्या बिलासह उभी असते. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास यांतच ती वाढवता येते, हे ऐन रविवारी कुणाला आठवत नाही. सोमवारचा स्लॉट असेल तर शुक्रवारी गाडी भरूच नये.

आता टोळीचा प्रश्न. महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आहे, आणि बऱ्याच गोदामांत माल उतरवतात ते मंडळाकडे नोंदलेले माथाडी कामगार. तुमच्याकडे डॉक तीन असतील, पण टोळ्या दोनच आल्या, तर तुमची क्षमता दोन डॉकची. स्लॉटचा तक्ता मुकादमाला न विचारता केला, तर तो पहिल्याच दिवशी कोसळतो. त्याला आदल्या संध्याकाळी उद्याचा तक्ता दाखवा, किती माणसं येणार ते विचारा आणि त्याप्रमाणे ओळी कमी करा. टोळ्यांनाही यात फायदा आहे, कारण सकाळी एकदम तीन जड गाड्या आणि दुपारी रिकामं बसणं त्यांनाही नको असतं. वाराईचा वाद मात्र स्लॉटने सुटत नाही. उतराईचे पैसे ड्रायव्हरकडून मागितले जातात आणि तो नाही म्हणाला की गाडी बाजूला पडते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी रास्त आहे. गोदामाने ही रक्कम थेट द्यायची व्यवस्था केली नाही, तर तुमचा तक्ता गेटवर कुणीतरी पन्नास-शंभर रुपयांत बदलत राहील.

व्यवस्था मोडते ती बहुधा उशिराच्या गाडीमुळे नाही, लवकर आलेल्या गाडीमुळे. साडेदहाची गाडी सातला येते, ड्रायव्हर ओळखीचा, डॉक जरा मोकळा दिसतो, सुपरवायझर म्हणतो घे आत. तेवढ्यात आठची गाडी वेळेवर हजर होते आणि तिला थांबावं लागतं. वेळ पाळणाऱ्याला शिक्षा झाली. असं आठवड्यात दोन-तीनदा झालं, की सगळे ड्रायव्हर पुन्हा पहाटे पाचला यायला लागतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. म्हणून नियम साधा ठेवा: वेळेवर आलेल्या गाडीचा डॉक कुणालाही द्यायचा नाही. लवकर आलेली गाडी तेव्हाच घ्यायची, जेव्हा तिचं काम पुढचा स्लॉट सुरू होण्याआधी पूर्ण होणार असेल. अर्ध्या तासापर्यंतचा उशीर माफ. त्याहून उशीर झाला तर त्याच दिवशीचा मोकळा ठेवलेला स्लॉट, परत पाठवणं नाही. ते दोन मोकळे स्लॉट यासाठीच. विक्री विभागाचा माणूस ‘ही एक अर्जंट गाडी’ म्हणून ते सकाळीच बळकावायला येईल, त्याला दुपारी एकपर्यंत थांबायला सांगा.

भाडेकरारातलं डिटेन्शनचं कलमही बदलायला लागेल. अनेक करारांत हजर झाल्यापासून पहिले 24 तास मोफत आणि पुढे दिवसाला ठराविक हॉल्टिंग असतं. अशा कलमात गोदामाला गाडी 20 तास उभी ठेवली तरी काहीच लागत नाही. स्लॉट पद्धतीत घड्याळ स्लॉटच्या वेळेपासून सुरू करा, तासांत मोजा. वेळेवर आलेल्या गाडीला उदाहरणार्थ चार तास मोफत, पुढे तासाप्रमाणे. उशिरा आलेल्या गाडीचं घड्याळ ती नव्या स्लॉटला लागेल तेव्हापासून. दर काय ठेवायचा? गाडीचा महिन्याचा हप्ता, विमा, कर आणि पगार मिळून समजा 1,20,000 रुपये पडत असतील, तर उभी गाडी मालकाला दिवसाला 4,000 रुपयांना पडते, हुकलेली खेप वेगळी. दर याच्या आसपास नसेल तर त्या कलमाचा धाक उरत नाही. आणि हॉल्टिंगचा काही वाटा ड्रायव्हरच्या हातात गेला पाहिजे, हे ट्रान्सपोर्टवाल्याने स्वतःहून ठरवावं. वाट तो बघतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. रोजच्या गाड्या तुमच्या स्लॉटांच्या नव्वद टक्क्यांवर जात असतील, तर मोकळा वेळच उरत नाही आणि एक गाडी अडली की दिवस जातो. तिथे खरोखरच टोळी किंवा डॉक वाढवावा लागेल. महिनाअखेरीला विक्रीचं लक्ष्य गाठायला शेवटच्या चार दिवसांत निम्मा माल ढकलला जातो, दिवाळीआधी तेच होतं. तेव्हा स्लॉट रांग नाहीशी करत नाही, पण कुणाला उद्या यायचं हे आजच सांगता येतं, आणि एवढ्यानेही गाडी दुसरी एक जवळची खेप मारून येऊ शकते. पावसाळ्यात घाटात आणि खड्ड्यांत गाड्या अडल्या की अर्धा तक्ता उशिरा येतो. त्या दिवशी ओळी ढकलून सगळ्यांना नवे मेसेज पाठवा, कुणालाही जागेवरून उठवू नका.

चाललंय की नाही हे कसं ओळखायचं? दर सोमवारी दोनच आकडे काढा. वेळेवर आलेल्या गाड्यांपैकी किती स्लॉटनंतर अर्ध्या तासाच्या आत डॉकला लागल्या, आणि हजेरीपासून पोच मिळेपर्यंत दहापैकी आठ गाड्या किती तासांत सुटल्या. पहिला आकडा घसरला तर दोष तुमचा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत गाड्यांना वेळ पाळायला सांगू नका. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल, तर अडचण टोळीत किंवा पोचेच्या टेबलावर आहे.

सुरुवात फक्त आवकीपासून करा, आणि तीही सगळ्यात जास्त गाड्या पाठवणाऱ्या दोन-तीन पुरवठादारांपासून. त्यांच्यासाठी एक डॉक राखून ठेवा, बाकीची रांग पूर्वीसारखी चालू द्या. महिन्याभरात रांगेतले इतर ड्रायव्हर आपल्या मालकाला विचारायला लागतील की आपल्याला स्लॉट का नाही. दुसरा डॉक तेव्हा द्या.